ड्रिफ्टचा अलर्ट रोज वाजतोय: बाजार बदलला की आमचंच काही चुकलं?

निनाद_कोथरूड · सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

आम्ही तिघं मित्र मिळून स्वतःच्या पैशावर एक छोटा सिग्नल चालवतो. एनएसईचे १८० शेअर्स घेतलेत. मॉडेल रोज दुपारी ३:२० ला प्रत्येक शेअरला एक आकडा देतं: उद्या हा शेअर बाकीच्यांपेक्षा वर राहण्याची शक्यता किती. वरच्या काही शेअर्सची खरेदी साडेतीनच्या आत होते. मॉडेल ग्रेडियंट बूस्टिंगचं आहे, २०१६ ते २०२४ च्या डेटावर शिकवलेलं. प्रत्यक्ष पैसे लावून सात आठवडे झाले.

लाइव्ह जाण्याआधी मी मोठ्या हौसेने ड्रिफ्टवर, म्हणजे डेटा किंवा अंदाज ट्रेनिंगपासून सरकण्यावर, देखरेख बसवली. रोज संध्याकाळी आजच्या १८० अंदाजांचं वाटप ट्रेनिंगमधल्या अंदाजांच्या वाटपाशी ताडून पीएसआय, म्हणजे दोन वाटपांत किती फरक पडला त्याचा आकडा, काढतो आणि तो ०.२५ च्या वर गेला की फोनवर अलर्ट येतो. प्रत्येक फीचरचाही, म्हणजे मॉडेलला दिलेल्या प्रत्येक रकान्याचाही, वेगळा पीएसआय आहे, तो मात्र गेल्या पाच दिवसांच्या ओळींवर.

तर अंदाजांचा अलर्ट पहिल्या दिवसापासून रोज वाजतोय. साधारण ०.३३ च्या आसपास असतो. आणि फीचर्सचा अलर्ट एकदाही वाजलेला नाही! मॉडेलला जाणारा माल तोच, बाहेर पडणारा मात्र वेगळा, असं कसं होईल? गेल्या आठवड्यात आमच्यातल्या एकाने ग्रुपवरचे अलर्ट म्यूट केले आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही. उद्या खरंच काही बिघडलं तर कळणार कसं?

---

जुना_कर्जवाला · सोमवार, रात्री ११:१५

निनाद, मी पंधरा वर्षं कर्जाच्या स्कोअरकार्डांवर काम केलंय. आमच्याकडे नियम सरळ आहे. ०.१ च्या खाली निर्धास्त राहा, ०.१ ते ०.२५ मध्ये लक्ष ठेवा, ०.२५ च्या वर गेला की मॉडेल नव्याने बांधा. तुझा ०.३३ आहे, म्हणजे तुझी ट्रेनिंगची माणसं वेगळी आणि आता दारात येणारी माणसं वेगळी. नवा डेटा घे आणि पुन्हा शिकव. यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

---

स्वप्नील९ · मंगळवार, सकाळी ७:५०

सिग्नल कुठे मिळतो तुमचा? टेलिग्राम चॅनेल आहे का? महिन्याचे किती घेता?

---

निनाद_कोथरूड · मंगळवार, सकाळी ८:२०

स्वप्नील, आम्ही कोणालाही टिप देत नाही, फक्त स्वतःपुरतं आहे. पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते आणि ती आमच्याकडे नाही.

कर्जवाले काका, पुन्हा शिकवायला एक रात्र पुरते. पण पहिल्याच दिवसापासून वाजतोय म्हणजे आम्ही लाइव्ह गेलो नेमक्या त्याच दिवशी बाजार बदलला, हे मनाला पटत नाही.

---

मेधा_गो · मंगळवार, दुपारी १:०५

पटूच नये. पहिल्या दिवसापासून वाजणारा अलर्ट बाजाराबद्दल बोलत नसतो, तो तुमच्या तुलनेबद्दल बोलत असतो. एकच प्रश्न: "ट्रेनिंगमधले अंदाज" म्हणजे नक्की कोणते? मॉडेल ज्या ओळींवर शिकलं त्याच ओळींवर त्याला परत चालवून घेतलेले?

---

निनाद_कोथरूड · मंगळवार, दुपारी १:३०

हो, तेच. `model.predict(X_train)` करून ठेवलंय. चुकलं का?

---

मेधा_गो · मंगळवार, रात्री ९:४५

हो, आणि ही चूक फार जणांकडून होते. मी दोन वेगवेगळ्या ठिकाणी हीच दुरुस्त केली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बूस्टिंगचं मॉडेल स्वतःच्या ट्रेनिंगच्या ओळी थोड्याफार पाठ करतं. त्या ओळींवर पुन्हा विचारलं की ते छातीठोकपणे उत्तर देतं, कोणाला खूप वर टाकतं, कोणाला खूप खाली. न पाहिलेल्या ओळींवर तेच मॉडेल बिचकतं आणि अंदाज मधोमध गोळा होतात. मॉडेल शंभर टक्के धडधाकट असलं तरी हे होणारच. म्हणजे तुम्ही पाठांतराच्या परीक्षेतले मार्क नव्या पेपरच्या मार्कांशी ताडून पाहताय.

तुमच्या ०.३३ मध्ये हेच दडलंय असा माझा अंदाज आहे. ट्रेनिंगच्या अंदाजांचे दहा समान डबे केले की प्रत्येकात १० टक्के येतात. आता समजा लाइव्हमध्ये त्याच डब्यांत २, ८, १२, १४, १५, १५, १३, ११, ८, २ टक्के पडले. पीएसआय निघतो साधारण ०.३३ आणि त्यातले जवळपास ०.२६ फक्त पहिल्या आणि शेवटच्या डब्यातून येतात. दोन्ही टोकं रिकामी आणि मध्य फुगलेला, असं चित्र दिसलं तर ते पाठांतराचं लक्षण. बाजार खरंच सरकला तर बहुधा एकच बाजू फुगते. तेव्हा एकटा पीएसआय बघू नका, दहाही डबे छापून बघा.

तुलनेसाठी वॉक-फॉरवर्डचे अंदाज वापरा. पाच वर्षांवर शिकवून पुढच्या वर्षाचे अंदाज काढायचे, मग एक वर्ष पुढे सरकायचं. तुमच्या डेटात २०२१ ते २०२४ अशी चार वर्षं मिळतील, ज्यांतली एकही ओळ अंदाज देणाऱ्या मॉडेलने आधी पाहिलेली नसेल.

आणि जुना_कर्जवाला, ०.१ आणि ०.२५ हे आकडे तुमच्या क्षेत्रात ठीक आहेत, कारण तिथे महिन्याला हजारो अर्ज येतात. इथे दिवसाला १८० आकडे आहेत. काहीही बदललं नाही तरी दहा डब्यांत १८० आकडे टाकल्यावर नुसत्या योगायोगाने पीएसआय सरासरी ०.०५ येतो. आणि हे १८० एकमेकांपासून स्वतंत्र असते तर! एकाच दिवशीचे शेअर्स एकत्र हलतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच येईल.

---

जुना_कर्जवाला · बुधवार, सकाळी ९:१०

मान्य. आमच्याकडे संदर्भ म्हणून नेहमी बाजूला ठेवलेला नमुनाच घेतात, इतकं अंगवळणी पडलंय की विचारायचं सुचलंच नाही. पण जास्त पीएसआय म्हणजे मॉडेल नव्याने बांधा, या मतावर मी कायम आहे.

---

चाकणकर · बुधवार, दुपारी १२:४०

शेअर बाजारातलं मला काही कळत नाही, पण ड्रिफ्ट अगदी जवळून पाहिलाय. आमच्या इथे कास्टिंगचे भाग कॅमेऱ्याखालून जातात आणि मॉडेल भेगा शोधतं. एका सोमवारी अचानक नापास होणारे भाग दुपटीने वाढले. सगळे म्हणाले, भट्टीत काहीतरी गडबड आहे. दोन दिवस मेटलर्जीवाल्यांना धारेवर धरलं. शेवटी शिफ्टमधल्या एका पोऱ्याने सांगितलं की रविवारी मेंटेनन्सने कॅमेऱ्यावरची ट्यूब बदलली होती. जुनी पिवळट होती, ही पांढरीफेक. तिच्या उजेडात साच्याची रेघसुद्धा भेगेसारखी दिसत होती.

आम्हाला ते कसं सिद्ध करता आलं सांगतो. शुक्रवारी पास झालेले वीस भाग कपाटात जपून ठेवलेले होते. तेच पुन्हा कॅमेऱ्याखालून पाठवले आणि त्यातले सात नापास झाले. भाग तर बदलले नव्हते!

---

मेधा_गो · बुधवार, दुपारी २:१५

चाकणकर, तुम्ही बाजाराचं कळत नाही म्हणता आणि या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं तुम्हीच लिहिलंत. निनादने नेमकं हेच करायचंय.

निनाद, तुझे कपाटातले वीस भाग म्हणजे गेल्या सात आठवड्यांचे दिवस. ३:२० ला जे अंदाज निघाले ते साठवलेले असतीलच. आता त्याच दिवसांवर, ज्या पद्धतीने तू ट्रेनिंगचा डेटा तयार केलास त्याच कोडमधून फीचर्स बनव आणि तेच मॉडेल चालव. मग ओळीला ओळ लावून फरक बघ:

```python
m = live.merge(replay, on=["date", "symbol"],
               suffixes=("_live", "_replay"))
m["diff"] = m["pred_live"] - m["pred_replay"]
print(m.groupby("date")["diff"].describe())
print(m.loc[m["diff"].abs().nlargest(20).index])
```

दिवस तोच, शेअर तोच, मॉडेल तेच. बाजार बदलला असेल तर तो दोन्हीकडे सारखाच बदललेला असणार, म्हणून फरक शून्य यायला हवा. शून्य आला नाही तर बाजाराला दोष देण्याआधी स्वतःची ट्यूब बघायची.

---

अदिती_बाणेर · बुधवार, सायंकाळी ६:३०

माझं मत जरा वेगळं आहे. ही सगळी चिकित्सा करेपर्यंत पैसे लागलेलेच आहेत ना? आमच्या सिस्टिममध्ये मर्यादा ओलांडली की ऑर्डर जाणं आपोआप थांबतं, कारण मग शोधता येतं. निनाद, तुझा अलर्ट वाजल्यावर पुढे काय होतं? काहीच होत नसेल तर तो अलर्ट नुसती माहिती आहे, आणि माहिती माणूस म्यूट करणारच. तुझ्या मित्राचा मला राग येत नाही.

---

निनाद_कोथरूड · शुक्रवार, रात्री ११:५०

दोन रात्री जागून बसलो. बाहेर धो धो पाऊस, त्यात मध्येच वीज गेली, पण हाती काहीतरी लागलंय.

आधी तुलना बदलली. वॉक-फॉरवर्डचे चार वर्षांचे अंदाज काढले आणि ०.३३ चा पीएसआय थेट ०.१४ वर आला. मेधाताईंनी सांगितलेली टोकं भरली. पण आता नवं चित्र दिसतंय: खालचे तीन डबे फुगलेत. म्हणजे मॉडेल सगळ्यांनाच थोडे कमी मार्क देतंय.

मग रिप्ले केला. फरक शून्य नाही! जवळजवळ प्रत्येक दिवशी लाइव्हचा अंदाज रिप्लेपेक्षा खाली आहे. आणि सर्वांत मोठ्या वीस फरकांत एकच शेअर ओळीने नऊ वेळा आहे.

त्या शेअरचं लगेच कळलं. त्याचं विभाजन झालं होतं, दर्शनी किंमत १० रुपयांवरून २ रुपये. ट्रेनिंगच्या डेटात जुने भाव पाचाने भागून घेतलेले असतात, लाइव्हवाल्या कोडमध्ये ते राहून गेलं. त्यामुळे विभाजनानंतरच्या प्रत्येक दिवशी मॉडेलला वाटत होतं की हा शेअर वीस दिवसांत ८० टक्के पडलाय, आणि ते त्याला अगदी वर टाकत होतं. आम्ही तो दोनदा विकत घेतला. १८० मधला एकच, म्हणून पीएसआयमध्ये त्याचा मागमूसही नव्हता.

बाकीच्या १७९ शेअर्सचं मात्र कळत नाहीये. सगळेच खाली का?

---

शिरीषकाका · शनिवार, सकाळी ८:०५

मी मॉडेलवाला नाही. तीस वर्षं ब्रोकरकडे काढली. दोन गोष्टी विचारतो. तुम्ही ३:२० ला भाव कुठला घेता, आणि शिकवताना कुठला घेतला होता?

---

निनाद_कोथरूड · शनिवार, सकाळी ९:००

काका, ३:२० ला शेवटचा सौदा ज्या भावाने झाला तो. शिकवताना भावकॉपीतला, म्हणजे एनएसईच्या रोजच्या भावांच्या फाइलीतला, बंद भाव, `ClsPric` या रकान्यातला.

---

शिरीषकाका · शनिवार, सकाळी ९:४०

मग ते दोन वेगळे भाव आहेत बाळा. एनएसईवर शेअरचा बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातल्या सौद्यांची, उलाढालीच्या वजनाने काढलेली सरासरी असते ती. भावकॉपीत शेवटच्या सौद्याला म्हणून वेगळा रकाना असतो, `LastPric`. बंद भाव आणि तो शेजारी शेजारी ठेवून बघ, बरेचदा पैशा-रुपयांचा फरक दिसेल.

दुसरं उलाढालीचं. भावकॉपीत दिवसभराची उलाढाल असते. तू ३:२० ला बघतोस तेव्हा शेवटची दहा मिनिटं व्हायची असतात आणि ती साधी दहा मिनिटं नसतात. सगळे आपापले हिशेब मिटवायला तेव्हाच धावतात.

---

मेधा_गो · शनिवार, सकाळी १०:२०

काका, नमस्कार घ्या. हेच आहे.

निनाद, तुझ्याकडे "आजची उलाढाल भागिले वीस दिवसांची सरासरी" असं फीचर असणार. अंश ३:२० पर्यंतचा आणि छेद पूर्ण दिवसांचा. मग सगळ्या १८० शेअर्सना रोजच उलाढाल मंद वाटणार आणि सगळ्यांचेच मार्क थोडे उतरणार. दुसरं, "दिवसाच्या उच्चांक-नीचांकात भाव कुठे आहे" हे फीचर असेल तर तेही तपास. अर्ध्या तासाची सरासरी दिवसाच्या अगदी टोकाला क्वचितच असते, शेवटचा सौदा मात्र टोकाला सहज टेकतो.

आता तुझ्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाकडे येते: माल तोच आणि बाहेर पडणारा वेगळा कसा? माल तोच नव्हताच. तुझा फीचर्सचा पीएसआय रात्री कुठल्या टेबलावरून निघतो?

---

निनाद_कोथरूड · शनिवार, सकाळी १०:४५

भावकॉपी उतरवल्यावर जे टेबल बनतं त्यावरून.

अरे देवा. म्हणजे मॉडेलने जे खाल्लं ते मी कधी तपासलंच नाही. त्याने जे खायला हवं होतं ते तपासत बसलो.

---

मेधा_गो · शनिवार, सकाळी ११:१०

हो. अंदाज निघतो त्याच क्षणी, ज्या ओळी मॉडेलमध्ये गेल्या त्या जशाच्या तशा साठवायच्या आणि देखरेख फक्त त्यांच्यावर करायची. नंतर नव्याने बनवलेल्या टेबलावर कधीच नाही. १८० ओळी आणि पन्नासेक रकाने, वर्षभराचंही ओझं होत नाही.

---

जुना_कर्जवाला · शनिवार, दुपारी ४:००

आता मला सांगा, माझं ऐकून त्याने नव्या डेटावर शिकवलं असतं तर काय झालं असतं?

---

मेधा_गो · शनिवार, सायंकाळी ५:३०

नवा डेटाही भावकॉपीतूनच आला असता. मॉडेल पुन्हा बंद भावावर आणि पूर्ण दिवसाच्या उलाढालीवर शिकलं असतं, लाइव्हमध्ये पुन्हा ३:२० चा माल गेला असता आणि सोमवारी अलर्ट तसाच वाजला असता. तुमचा नियम चुकीचा नाही, त्याची पाळी नंतर येते. रिप्लेचा फरक शून्य असेल आणि तरीही डबे सरकलेले दिसत असतील, तर तुम्ही म्हणता तशी दारात येणारी माणसं खरोखर बदललीत.

---

शिरीषकाका · रविवार, सकाळी १०:१५

मिसळ खाऊन आलो आणि वाटेत अजून एक आठवलं. निनाद, वार हे फीचर आहे का रे तुझ्या मॉडेलात? सोमवार, मंगळवार असं?

---

निनाद_कोथरूड · रविवार, सकाळी १०:५०

आहे काका. आणि मॉडेल ते बऱ्यापैकी वापरतं, विशेषतः गुरुवार.

---

शिरीषकाका · रविवार, सकाळी ११:३०

वापरणारच. तू शिकवलंस २०२४ पर्यंतच्या डेटावर आणि तोवर एनएसईवर निफ्टीची आणि शेअर्सच्या वायद्यांची एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपायचा दिवस, गुरुवारी असायची. १ सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी गेली. मॉडेलला गुरुवारचं जे काही समजलंय ते गुरुवारचं नाही, एक्स्पायरीचं आहे. आता ते गुरुवारी एक्स्पायरी समजून वागत असणार आणि खऱ्या मंगळवारी बेसावध असणार.

---

मेधा_गो · रविवार, दुपारी १२:१०

इथे जरा थांबून विचार करा, कारण हा ड्रिफ्ट निनादच्या कुठल्याही अलर्टमध्ये कधीच दिसला नसता. आठवड्यात पूर्वीही एक गुरुवार होता, आजही आहे. पूर्ण आठवडा धरला की वाराचा पीएसआय जवळपास शून्य. रिप्लेचा फरकही शून्य, कारण दोन्हीकडे वार तोच. अंदाजांचं वाटपही फारसं हलणार नाही. बदललंय ते वार आणि परतावा यांच्यातलं नातं, आणि नातं बघायचं तर अंदाज खऱ्या निकालाशी ताडून बघावा लागतो.

उपाय त्यातल्या त्यात सोपा आहे. वार काढून "एक्स्पायरीला किती कामकाजाचे दिवस उरले" हे फीचर घाल. फक्त वारावरून मोजू नकोस, एक्स्चेंजच्या सुट्ट्यांच्या यादीतून मोज. एक्स्पायरीच्या दिवशी सुट्टी आली तर ती आदल्या कामकाजाच्या दिवसावर येते.

---

अदिती_बाणेर · रविवार, दुपारी १:००

मग निकालाशी ताडून बघणारा अलर्ट हाच खरा अलर्ट नाही का? उद्याचा परतावा उद्याच कळतो, तुम्हाला कर्जासारखं वर्षभर थांबायचं नाही. अंदाज आणि परतावा यांचा रँक कोरिलेशन, म्हणजे दोघांचे क्रम किती जुळतात ते, रोज काढा, उतरला की थांबवा.

---

मेधा_गो · रविवार, दुपारी ३:२०

निकाल लवकर कळतो, पण त्यात गोंगाट फार असतो. निनाद, तुझे आकडे सांगशील का?

---

निनाद_कोथरूड · रविवार, दुपारी ३:४५

वॉक-फॉरवर्डमध्ये रोजचा रँक कोरिलेशन सरासरी ०.०३, दिवसागणिक प्रमाण विचलन ०.१ च्या आसपास. लाइव्हच्या ३५ दिवसांत सरासरी ०.०१२.

---

मेधा_गो · रविवार, दुपारी ४:३०

तर ३५ दिवसांच्या सरासरीतला डळमळीतपणा म्हणजे ०.१ भागिले ३५ चं वर्गमूळ, साधारण ०.०१७. ०.०३ चा ०.०१२ झाला, घट ०.०१८. म्हणजे घट जेमतेम डळमळीतपणाएवढीच आहे. एवढी घट धडधाकट मॉडेललाही अधूनमधून येते. दोन महिन्यांत अर्धी धार गेली तरी या आकड्यावरून छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. अदिती म्हणते तसं रोजच्या आकड्यावर थांबवलं तर चांगलं मॉडेल दर महिन्याला बंद पडेल.

पण एक युक्ती आहे. त्याच ३५ दिवसांवर रिप्लेच्या अंदाजांचा रँक कोरिलेशन काढ आणि रोज दोघांची वजाबाकी कर. बाजाराचा गोंगाट दोन्हीकडे जवळपास सारखा असल्याने तो वजाबाकीत कटतो आणि पाइपलाइनमुळे किती गमावलं हे बरंच लवकर दिसतं.

---

अदिती_बाणेर · रविवार, सायंकाळी ७:००

पटलं, अर्धं. रोजच्या कोरिलेशनवर थांबवू नका. पण विभाजनाच्या त्या शेअरसारखी गोष्ट पकडून ऑर्डर थांबवणं तर जमलंच पाहिजे. वीस दिवसांत उणे ८० टक्के परतावा आणि एक्स्चेंजच्या यादीत विभाजनाची तारीख, एवढं तर ३:२० ला तपासता येतं. त्या शेअरपुरती ऑर्डर अडवा, बाकीचे चालू द्या.

---

चाकणकर · सोमवार, सकाळी ११:२०

आता आमच्याकडे रोज शिफ्ट सुरू होताना कपाटातले तेच वीस भाग आधी पाठवतात. वीसही पास झाले की मगच लाइन चालू. पहिले काही दिवस सुपरवायझर कुरकुरला, आता तोच आधी कपाट उघडतो.

---

निनाद_कोथरूड · पुढचा रविवार, रात्री ९:३०

उशिरा लिहितोय, पण आठवडाभर हेच करत होतो.

आता देखरेख तीन ठिकाणी आहे. ३:२० ला ऑर्डर जाण्याआधी अदितीताईंची तपासणी: विभाजन किंवा बोनसची तारीख, रिकामी फीचर्स, जुना अडकलेला भाव. यात सापडलेल्या शेअरची ऑर्डरच जात नाही. पहिल्याच आठवड्यात एक बोनसवाला शेअर अडवला गेला, फार बरं वाटलं. संध्याकाळी रिप्ले. त्यात मोठा फरक निघाला तरच फोन वाजतो.

आणि पीएसआय आता आठवड्यातून एकदा, पाच दिवसांचे अंदाज एकत्र करून. त्याची मर्यादा ०.२५ नाही. मेधाताईंना व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं, त्यांनी सांगितलं त्याप्रमाणे वॉक-फॉरवर्डच्या चार वर्षांतल्या प्रत्येक आठवड्याचा पीएसआय काढला, साधारण दोनशे आठवडे, आणि सर्वांत मोठे दहा जिथून सुरू होतात ती रेघ घेतली. आमची ०.१९ वर आली. सगळं ठीक असतानाही ती वर्षातून दोन-तीनदा वाजेल, आणि तेवढ्या वेळा मी डबे उघडून बघायला तयार आहे. म्यूट करणाऱ्या मित्राने अलर्ट परत चालू केलेत.

मॉडेलही नव्याने शिकवतोय, पण ३:२० च्या मालावर. त्यासाठी मिनिटामिनिटाचा डेटा लागतो आणि आमच्याकडे तो २०१९ पासूनचाच आहे, म्हणजे तीन वर्षं गेली. वजाबाकीही केली: ३५ दिवसांत रिप्लेचा कोरिलेशन ०.०२१ आणि लाइव्हचा ०.०१२. नवं मॉडेल तयार होईपर्यंत रक्कम निम्मी केली आहे.

एकच अडलंय. वाराऐवजी एक्स्पायरीला उरलेले दिवस घातले तर जुन्या गुरुवारच्या वर्षांतलं शिक्षण मंगळवारच्या एक्स्पायरीला तसंच लागू पडेल का? मधे शनिवार-रविवार येतो. गुरुवारच्या एक्स्पायरीला तीन दिवस उरायचे तो सोमवार असायचा, आता तीन दिवस उरतात तो गुरुवार असतो आणि सुट्टीच्या दोन रात्री मधे पडतात. लाइव्हमध्ये महिन्याच्या शेवटच्या एक्स्पायरी फक्त दोन झाल्यात, त्यावरून काही काढणं शक्य नाही.

---

शिरीषकाका · पुढचा रविवार, रात्री १०:१५

चांगला प्रश्न आहे. माझ्या डोळ्यांना तरी फरक दिसतो, पूर्वी सोमवारी-मंगळवारी वायदे पुढच्या महिन्यात नेण्याची जी वळवावळवी चालायची ती आता आदल्या शुक्रवारीच बरीच उरकते. पण हे माझं बघणं झालं, मोजलेलं नाही.

---

मेधा_गो · पुढचा रविवार, रात्री १०:४०

मला वाटतं कामकाजाचे दिवस आणि मधल्या सुट्ट्यांचे दिवस अशी दोन वेगळी फीचर्स घालावीत. जुन्या वर्षांत बुधवारी सुट्टी आलेले महिने थोडे आहेत, तिथे एक्स्पायरी आणि आदला दिवस यांच्यामध्ये सुट्टी पडलेली सापडेल. निनाद, तेवढे महिने वेगळे काढून मला आकडे पाठव. किती सापडतात बघू.